दोन बर्नरची शेगडी आणि साठ हजार विमानं

(अर्थशास्त्र अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय 'दुर्मिळता' असा आहे. पाठ्यपुस्तकात पहिल्याच धड्यात तो येतो. परीक्षेत दोन मार्कांची व्याख्या लिहून आपण पुढे जातो. गरजा अमर्याद, साधनं मर्यादित, त्यातून निवड करावी लागते. झालं. पण गेल्या वेळी इथं एकानं प्रश्न विचारला, तो माझ्या डोक्यातून गेला नाही. तो म्हणाला, "सर, दुर्मिळता हा गरिबांना गप्प बसवण्याचा बहाणा आहे. श्रीमंत देशांकडे सगळं आहे. त्यांना कुठं निवड करावी लागते?" आजचं बोलणं त्या प्रश्नाचं उत्तर आहे, असं समजा.

आधी घरातलं उदाहरण घेतो. रमजानच्या संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात काय चालतं ते आठवा. घरात सामानाची कमी नाही. बेसन आहे, खिमा आहे, फळं आहेत, दूध आहे. पैशांचीही त्या दिवशी ओढ नाही. पण शेगडीला बर्नर दोनच, आणि मगरिबच्या अजानला पाऊण तास उरलेला. भजी तळायची आहेत, खिमा शिजवायचा आहे, खीर आटवायची आहे. मग अम्मी ठरवते. खीर उद्या, आज भजी आणि खिमा. तिथं गरिबी नाही. तरी निवड आहे. कारण बर्नर आणि वेळ या दोन गोष्टी मोजक्या आहेत आणि त्यांच्यावर हक्क सांगणाऱ्या गोष्टी जास्त आहेत.

अर्थशास्त्र दुर्मिळता म्हणतं ते याला. टंचाई वेगळी. टंचाई म्हणजे बाजारात कांदा मिळत नाही, नळाला पाणी नाही. ती येते आणि जाते. दुर्मिळता म्हणजे एकच साधन दोन कामांना लागू शकतं आणि एका वेळी एकाच कामाला देता येतं. भज्यांची खरी किंमत तेल-बेसनाची नाही, त्या दिवशी न झालेल्या खिरीची आहे. याला संधी खर्च म्हणतात. लायोनेल रॉबिन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं 1932 साली अर्थशास्त्राची व्याख्याच या पायावर केली.

आता श्रीमंतांकडे जाऊ. मी तुम्हाला जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या एका वर्षाची गोष्ट सांगणार आहे. देश अमेरिका, वर्ष 1942.

डिसेंबर 1941 मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. महिन्याभरात, 6 जानेवारी 1942 ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट संसदेसमोर उभे राहिले आणि त्यांनी आकडे जाहीर केले. या वर्षी 60 हजार विमानं, पुढच्या वर्षी सव्वा लाख. या वर्षी 45 हजार रणगाडे, पुढच्या वर्षी 75 हजार. शिवाय विमानविरोधी तोफा, शिवाय मालवाहू जहाजं. हे आकडे मुद्दाम मोठे ठेवले होते. शत्रूला धडकी भरावी आणि आपल्या कारखानदारांनी आळस झटकावा, असा हेतू होता. पैशाचा प्रश्नच नव्हता. सरकार कर्ज काढू शकत होतं, नोटा छापू शकत होतं, आणि संसद मागेल तेवढं मंजूर करत होती.

मग लष्करानं ऑर्डरी दिल्या. भूदलानं दिल्या, नौदलानं दिल्या, जहाजखात्यानं दिल्या, मित्रदेशांसाठी वेगळ्या दिल्या. प्रत्येकानं आपापल्या गरजेप्रमाणे दिल्या. सगळ्यांच्या ऑर्डरींची बेरीज कुणी केलीच नव्हती.

ही बेरीज ज्या माणसानं केली त्याचं नाव सायमन कुझ्नेट्स. रशियन साम्राज्यातल्या पिन्स्क गावात 1901 साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेला, तरुणपणी अमेरिकेत स्थलांतरित झालेला हा अर्थतज्ज्ञ. पुढे 1971 साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. देशाचं एकूण उत्पन्न शास्त्रशुद्ध पद्धतीनं कसं मोजायचं, यावर त्यानं आयुष्य घालवलं होतं. 1934 साली अमेरिकी सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल त्यानंच दिला होता. 1942 मध्ये तो वॉर प्रॉडक्शन बोर्डाच्या, म्हणजे युद्धकाळात उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या सरकारी मंडळाच्या नियोजन समितीत काम करत होता. समितीचा अध्यक्ष रॉबर्ट नेथन हाही अर्थतज्ज्ञच.

कुझ्नेट्सचा हिशेब समजायला अवघड नाही. देशात काम करू शकणारी माणसं किती, ती किती तास काम करू शकतील, यंत्रं किती, यावरून एका वर्षात जास्तीत जास्त किती उत्पादन होईल हे त्यानं काढलं. त्यातून लोकांना जगायला, कामावर जायला आणि धडधाकट राहायला लागणारं अन्न, कपडे, घरं, रेल्वे, दवाखाने वजा केले. कारण कामगारच उपाशी राहिला तर रणगाडा कोण बनवणार? उरलं ते युद्धासाठी. मग पोलाद, तांबं, ॲल्युमिनियम यांच्याशी ताडून पाहिलं. शेवटी वेळ धरली. कारखाना बांधायला महिने लागतात, त्यातली यंत्रं बनवायला आणखी महिने लागतात, आणि ती यंत्रं बनवणारी यंत्रंही आधी बनवावी लागतात.

उत्तर असं आलं: 1943 साठीच्या ऑर्डरी सुमारे 93 अब्ज डॉलरच्या होत्या. देशाच्या हातून होण्यासारखं काम 75 ते 80 अब्जांचं होतं. ऑगस्ट 1942 मध्ये त्यानं हे लिहून दिलं. लष्कराच्या पुरवठा विभागाचे प्रमुख जनरल ब्रेहॉन सॉमरवेल भयंकर चिडले. हा अहवाल विचारी माणसांच्या नजरेला पडू नये असा दडवून ठेवावा, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी लिहिलं. त्यांच्या दृष्टीनं हे आकडेमोड करणारे लोक हातपाय गाळणारे होते. ध्येय मोठं ठेवा, माणसं ताणली जातील, थोडं कमी पडलं तर पडलं. बिघडलं काय?

हा युक्तिवाद आपल्याला पटण्यासारखा आहे. आपणही म्हणतो, शंभर मागा म्हणजे साठ मिळतील. पण कुझ्नेट्सचं म्हणणं नेमकं इथं वेगळं होतं. तो सांगत होता की शंभर मागितल्यावर साठ मिळत नाहीत. साठ मिळू शकली असती, ती बिघडून चाळीस मिळतात. कसं, ते पाहा.

पुन्हा शेगडीकडे या. दोन बर्नर आहेत आणि अम्मीनं ठरवलं की पाचही पदार्थ करायचेच. मग पाच मिनिटं भजी, उतरव; पाच मिनिटं खिमा, उतरव; पाच मिनिटं खीर. अजान होते तेव्हा दस्तरखानावर पाच कच्चे पदार्थ असतात. दोन पूर्ण आणि तीन शून्य, असं नाही. पाचही अर्धवट. आणि गॅस मात्र सगळा खर्च झालेला.

अमेरिकेत 1942 च्या उन्हाळ्यात हेच चाललं होतं. न्यू ऑर्लिन्स शहरात हिगिन्स कंपनीला 200 मालवाहू जहाजांचं कंत्राट दिलं होतं. त्यासाठी नवा कोरा कारखाना बांधायला घेतला होता. जुलैमध्ये ते कंत्राट रद्द करावं लागलं, कारण जहाजांना पुरेल एवढं पोलादच नव्हतं. त्या अर्धवट कारखान्याला जे पोलाद, सिमेंट आणि मजूर लागले, ते दुसरीकडे चालू असलेल्या गोदीला मिळाले असते तर निदान काही जहाजं तरी पाण्यात उतरली असती.

यावर उपाय म्हणून प्राधान्य-पत्रांची पद्धत होती. ज्या मालाची जास्त निकड, त्याला वरचा दर्जा. ए-1 पासून ए-10 पर्यंत दर्जे ठरवले होते. ए-1 पत्र दाखवलं की कारखान्यानं तो माल आधी द्यायचा. पण कुठला अधिकारी म्हणेल की माझं काम कमी निकडीचं आहे? हळूहळू सगळ्यांकडे ए-1 आलं. मग ए-1 चेही ए, बी, सी असे पोटभाग पाडले. मग त्याच्याही वर डबल-ए काढलं. त्याच्याही वर ट्रिपल-ए. नोटा बेसुमार छापल्या की त्यांची किंमत उतरते, तसं या पत्रांचं झालं. सगळंच पहिलं म्हटलं की पहिलं काहीच उरत नाही. मग माल कुणाला मिळतो? जो आधी पोचला त्याला, ज्याची ओळख आहे त्याला, जो जास्त ओरडतो त्याला. म्हणजे निवड टळली नाहीच. विचार न करता, नकळत झाली, एवढंच.

6 ऑक्टोबर 1942 ला दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. बैठक वादळी झाली. पण आकड्यांना उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यात सेनाप्रमुखांनी 1943 चा कार्यक्रम सुमारे 80 अब्जांवर आणला.

यात एक बारीक गोष्ट आहे. विमानं ठेवा की रणगाडे, हे कुझ्नेट्सनं सांगितलं नाही. त्यानं बर्नर किती ते सांगितलं. काय शिजवायचं ते ठरवणं त्याचं काम नव्हतं. युद्ध कुठं आणि कसं लढायचं हे ठरवणाऱ्यांनी आणि उत्पादन किती होईल हे जाणणाऱ्यांनी एकत्र बसून ते ठरवावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

नोव्हेंबर 1942 मध्ये नवी पद्धत जाहीर झाली. तयार मालाला दर्जे देत बसण्यापेक्षा फक्त तीन धातू धरले: पोलाद, तांबं आणि ॲल्युमिनियम. दर तिमाहीला कुठला धातू किती निघणार ते आधी मोजायचं. भूदल, नौदल, जहाजखातं, मित्रदेश, नागरी गरजा, प्रत्येकानं आपली मागणी मांडायची. मग असलेला धातू वाटून द्यायचा आणि वाटपाची बेरीज उपलब्ध धातूपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. तुझा वाटा एवढा, त्यात काय करायचं ते तू ठरव. प्रत्येक खात्याला आता स्वतःलाच विचारावं लागलं: हे हवं, पण कशाऐवजी?

प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. 1942 मध्ये 60 हजारांऐवजी सुमारे 48 हजार विमानं झाली, 45 हजारांऐवजी सुमारे 25 हजार रणगाडे. 1943 मध्ये विमानं 86 हजारांच्या आसपास गेली. रणगाडे 75 हजारांच्या जवळपासही गेले नाहीत; ते तीस हजारांच्या आत राहिले. आणि हे सगळं होताना सामान्य अमेरिकी माणसाला नवी मोटार मिळत नव्हती. फेब्रुवारी 1942 मध्ये खासगी मोटारींचं उत्पादन पूर्ण थांबवलं होतं. त्याच कारखान्यांत रणगाडे, इंजिनं, विमानांचे भाग बनू लागले. जगात सर्वांत जास्त मोटारी बनवणारा देश, आणि घरातल्यासाठी एकही नाही. त्या विमानांची किंमत डॉलरमध्ये लिहिलेली असेल, पण खरी किंमत न बनलेल्या मोटारी ही होती.

पैसा आणि साधन यांतला फरक दाखवणारी आणखी एक गोष्ट त्याच वर्षातली आहे. अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पात टेनेसी राज्यातल्या ओक रिजला प्रचंड विद्युतचुंबक बनवायचे होते. त्यांच्या गुंडाळ्यांना हजारो टन तांबं लागणार होतं. तांबं मिळेना, कारण ते तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांना जात होतं. मग काय केलं? सरकारी खजिन्यातून चांदी उसनी घेतली. 13 हजार टनांहून जास्त! चांदीच्या पट्ट्यांची वेटोळी केली आणि त्यातून वीज सोडली. चांदीतून वीज तांब्यापेक्षाही चांगली वाहते. एरवी हे कुणी केलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण तेव्हा तेच शहाणपणाचं होतं. तिजोरीतली चांदी दुसऱ्या कुठल्याच निकडीच्या कामाला लागत नव्हती, म्हणून तिचा संधी खर्च जवळजवळ शून्य. तांब्याचा मात्र प्रत्येक टन कुठल्या तरी गोळ्याच्या पुंगळीतून काढून आणावा लागला असता. बाजारभावानं चांदी महाग होती, देशाला मात्र तांबं महाग होतं. नंतर ती चांदी परत केली. शेवटची परतफेड 1970 साली झाली.

कुणी म्हणेल, हे युद्धाचं झालं. शांततेत कुठं असं असतं? 1953 च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एक भाषण केलं. तेव्हा अमेरिका पूर्वी कधी नव्हती एवढी श्रीमंत होती. आणि हा माणूस स्वतः सेनापती होता, युद्ध जिंकून आलेला. त्यांनी सांगितलं की एका बॉम्बफेकी विमानाच्या खर्चात तीसहून अधिक शहरांत एकेक पक्की शाळा उभी राहते. श्रीमंती वाढली की बर्नर वाढतात. दोनाचे सहा होतात. पण मग दस्तरखानावर काय काय हवं याची यादीही वाढते, आणि सातवा पदार्थ ठेवायला जागा नसते. श्रीमंत समाज गरीब समाजापेक्षा चांगल्या गोष्टींमधून निवड करतो, पण निवड करावीच लागते.

आता त्या मित्राच्या प्रश्नाची दुसरी बाजू. तो जे म्हणाला, ते एका मोठ्या विद्वानानंही म्हटलं आहे. इराकचे शिया धर्मपंडित मुहम्मद बाकिर अस-सद्र यांनी 1961 मध्ये 'इक्तिसादुना' म्हणजे 'आपलं अर्थशास्त्र' हा अरबी ग्रंथ लिहिला. पुढे 1980 साली सद्दाम हुसेनच्या राजवटीनं त्यांना ठार केलं. त्यांचं म्हणणं असं: अल्लाहनं माणसाला पुरेसं दिलं आहे. निसर्ग कंजूष नाही. आर्थिक प्रश्नाचं मूळ माणसात आहे. एक, वाटपातला जुल्म. दोन, दिलेल्या साधनांचा नीट उपयोग न करणं, म्हणजे नाशुक्री.

मला यात अर्धं खरं दिसतं, आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे. कारण अमेरिकेच्याच गोष्टीतला आधीचा भाग मी तुम्हाला अजून सांगितला नाही. 1940 साली त्या देशात सुमारे 80 लाख माणसं बेकार होती. कारखाने अर्धे रिकामे होते. महामंदीची दहा वर्षं लोक हे दैव समजून बसले होते. मग शस्त्रांच्या ऑर्डरी सुरू झाल्या तेव्हा काय झालं? 1941 मध्ये शस्त्रंही वाढली आणि मोटारीही तीस लाखांहून जास्त बनल्या. दोन्ही वाढलं! कारण रिकामे हात कामाला लागले होते. त्या वेळी जो कुणी म्हणाला असता की "साधनं मर्यादित आहेत, लोकांनी पोट आवळावं", तो खोटं बोलत होता. तिथं दुर्मिळता नव्हती, रिकामे बर्नर होते. अस-सद्र यांची नाशुक्री ती हीच.

पण 1942 उजाडलं आणि बर्नर भरले. त्यानंतर कितीही न्यायी वाटप केलं तरी निवड टळणार नव्हती. साखरेचं रेशन करून अमेरिकेनं श्रीमंत-गरिबाला सारखी साखर दिली. ते न्यायाचं झालं. पण त्यानं एकूण साखर वाढली नाही. न्याय हा प्रश्न 'कुणाला' याचं उत्तर देतो. 'काय बनवायचं' हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

म्हणून कुणी तुम्हाला "साधनं नाहीत" असं सांगितलं, तर मान डोलावू नका आणि लगेच भांडूही नका. एक गोष्ट विचारा. हे वाढवलं तर नेमकं काय कमी होईल? त्याला नाव घेऊन सांगता आलं, अमुक डॉक्टर तिथून इथं आणावे लागतील, अमुक जमीन त्या कामाची या कामाला द्यावी लागेल, तर समोर खरी दुर्मिळता आहे, आणि मग दोन्हींतलं काय हवं यावर प्रामाणिकपणे बोलावं लागेल. त्याला सांगता आलं नाही, डिग्री घेतलेले तरुण घरी बसलेत, इमारत बांधून कुलूप लावलंय, असं दिसलं, तर तो बहाणा आहे. मग जाब विचारा.

आणि तोच प्रश्न आपल्यालाही लागू आहे, हे कडू वाटलं तरी सांगतो. आपल्या चळवळीच्या मागणीपत्रांत वीस-पंचवीस मागण्या असतात. मुलींचं वसतिगृह, शिष्यवृत्ती, तलाकपीडित महिलांना कायदेशीर मदत, उर्दू शाळांत विज्ञानाचे शिक्षक, मोहल्ल्यात दवाखाना. सगळ्या रास्त आहेत. आणि प्रत्येकीपुढे आपण लिहितो, 'तातडीनं'. ही आपली ट्रिपल-ए पत्रं आहेत. ते पत्र ज्याच्या टेबलावर जातं त्याला आपण निवड करायचा अधिकार देऊन टाकतो. तो त्यातली सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी त्रासाची मागणी उचलतो, तिचं उद्घाटन करतो, आणि फोटो काढून मोकळा होतो. यंदा वसतिगृह आधी, दवाखाना पुढच्या वर्षी, असं आपण भांडून, मतं घेऊन, आपसांत ठरवलं तर कुणीतरी नाराज होईल. ज्याच्या मोहल्ल्यात दवाखाना नाही तो नक्की होईल, आणि त्याची नाराजी खरी असेल. ती ऐकून घ्यावी लागेल. पण निवड आपली असेल.

अम्मी रोज संध्याकाळी हेच करते. खीर आवडणाऱ्या पोराचा रुसलेला चेहरा तिला दिसत असतो. ती त्याला सांगते, आज नाही, उद्या. आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं खीर आधी चढवते.